घोस्ट ऑफ त्सुशिमा: तलवार म्यान करतानाचा स्वच्छ फोटो हवाय, पण टचपॅड मध्येच घोळ घालतो

कातरवेळ
पीएस5 वर डायरेक्टर्स कट खेळतेय. मला एकच फोटो हवाय. लढाई संपल्यावर जिन पात्यावरचं रक्त झटकून तलवार म्यानात सरकवतो, तेव्हा शेवटी पातं जेमतेम चार बोटं बाहेर उरलेलं असतं. तो क्षण, मागे पिवळी झाडं, बाकी स्क्रीनवर काही नको.

अडचणी अशा:
क्रिएट बटणाकडे अंगठा नेताना तो टचपॅडला घासतो. मग जिन एक तर कमरेत वाकून अभिवादन करतो, नाहीतर बासरी काढून बसतो. बटण नीट सापडलं तरी ते दाबून धरावं लागतं, तोवर तलवार पूर्ण आत गेलेली असते. आणि गॅलरीत न मागितलेल्या व्हिडिओ क्लिपा साचल्यात.

गेममध्ये फोटो मोड आहे हे माहीत आहे, पण तो उघडेपर्यंतही क्षण निघून जातो. कुणी नेमका क्रम सांगेल का?

वडापाव_मोड
सोपं आहे की. फोटोच्या भानगडीत पडू नका. पीएस5 मागचा खेळ आपोआप रेकॉर्ड करतच असतो. क्रिएट दोनदा दाबा, क्लिप सेव्ह होईल. ती थांबवून हवी ती फ्रेम काढा. अंगठा, टचपॅड, सगळी कटकट मिटली.

डबल_जंप
@वडापाव_मोड, क्षण हातचा जाऊ नये म्हणून हे ठीक आहे, पण त्यातून स्वच्छ फोटो मिळत नाही. तीन कारणं. क्लिप एमपी4 मध्ये ठेवली असेल तर ती 1080पीच्या वर जात नाही. व्हिडिओत दाबून बसवलेलं चित्र असतं, त्यामुळे गवत आणि धुकं जिथे आहे तिथेच चौकटी दिसायला लागतात, आणि या गेममध्ये गवत आणि धुकं नाही अशी जागाच सापडत नाही. तिसरं म्हणजे हलत्या तलवारीला मोशन ब्लर असतो. फ्रेम थांबवली तरी पातं पुसट पट्ट्यासारखं दिसणार. शिवाय कॅमेरा खेळताना जिथे होता तिथेच. कोन बदलता येत नाही.

@कातरवेळ, तुमची अडचण वेगाची वाटते, पण खरं तर ती कोणतं काम कुठल्या हाताला द्यायचं याची आहे. आधी टचपॅडवर काय काय बांधलेलं आहे ते लक्षात घ्या:

वर सरकवलं की वाटाड्या वारा सुटतो. खाली सरकवलं की अभिवादन. डावीकडे सरकवलं की बासरी. उजवीकडे सरकवलं की तलवार उपसणे किंवा म्यान करणे, आणि पात्यावर रक्त असेल तर आधी ते साफ करणे.

क्रिएट बटण टचपॅडच्या डाव्या कडेला चिकटून आहे. उजवा अंगठा तिकडे नेलात तर तो पॅडवरून उजवीकडून डावीकडे घासत जातो. गेमला वाटतं बासरी मागितली. आणि डावा अंगठा बटणावरून परत काठीवर खाली आणताना पॅडच्या कडेला लागला की ते खाली सरकवणं ठरतं, म्हणजे अभिवादन. म्हणून पहिला नियम: खेळ चालू असताना क्रिएट बटणाला हातच लावायचा नाही.

फोटो मोड डी-पॅडच्या उजव्या बाणावर आहे. तो उघडला की खेळ जागच्या जागी थांबतो, आणि मग टचपॅडला धक्का लागला तरी जिन वाकत नाही की बासरी काढत नाही. तेव्हा क्षण पकडायचं काम डी-पॅडचं, आणि क्रिएट बटण त्यानंतर, सगळं थांबल्यावर, सावकाश.

हातांची वाटणी अशी करा. लढाई संपली की दोन्ही काठ्या सोडून द्या, जिन उभा राहू द्या. डावा अंगठा डी-पॅडच्या उजव्या बाणावर नुसता टेकवून ठेवा, दाबू नका. उजवा अंगठा टचपॅडच्या मधोमध ठेवून उजवीकडे आडवा सरकवा, दोन सेंटीमीटर पुरे, आणि तिथून सरळ उचलून घ्या. आता उजव्या हाताचं काम संपलं. नजर फक्त तलवारीवर. पातं चार बोटं उरलं की डावा अंगठा दाबा. तो आधीच जागेवर असल्यामुळे शोधाशोध नाही.

कातरवेळ
अगदी हेच हवं होतं. उजवा अंगठा मी कडेकडून सरकवत होते, आणि निम्म्या वेळा वारा सुटत होता. ते का?

डबल_जंप
कारण अंगठा कमानीत फिरतो. त्याचा सांधा तळहाताशी आहे, त्यामुळे पॅडच्या उजव्या कडेजवळ सरकवलं की तो उजवीकडे जाण्यापेक्षा वरच जास्त जातो. गेम दिशा बघतो, तिरकं ओढलंत तर जी दिशा जास्त तीच धरतो. मधोमधून सुरुवात केली की कमानीचा सपाट भाग मिळतो.

चुकून वारा सुटलाच तर फोटो घाईने घेऊ नका. पांढऱ्या रेघा आणि उडती पानं फ्रेमभर पसरलेली असतात, गवत एका बाजूला झोपलेलं असतं. काही सेकंद थांबलात की ओसरतं. बासरीचा प्रकार जास्त त्रासाचा, कारण बासरीची धून हवामान बदलते. छान ऊन पडलेलं असतं, तुम्ही फोटोची तयारी करता, चुकून बासरी वाजते आणि निवडलेली धून पावसाची असेल तर आभाळ भरून येतं. घाबरायचं कारण नाही, फोटो मोडमध्ये वेळ आणि हवामान दोन्ही बदलता येतं.

गोंयकार_7
मस्त धागा. माझाही हाच प्रॉब्लेम. तीन बोटं खाली ओढली की स्क्रीनशॉट निघतो ना, तो बीजीएमआय खेळताना आपोआप निघतो. ऐन फायटमध्ये. आणि त्या वेळी गोळीबारही थांबतो! हे कसं बंद करू?

वडापाव_मोड
@गोंयकार_7 पात्रांव, हा पीएस5 चा धागा आहे 😄

डबल_जंप
असू दे, रोग तोच आहे. एकाच पृष्ठभागावर गेमचीही बोटं आणि यंत्रणेचीही खूण. चार बोटांनी खेळताना तीन बोटं एकदम स्क्रीनवर असणं अटळ आहे. त्यातली थोडीशी खाली सरकली की फोनला वाटतं स्क्रीनशॉट मागितला. मग फोन ते स्पर्श गेमकडून काढून स्वतःकडे घेतो, म्हणून गोळीबार थांबतो. बोट उचलून पुन्हा टेकवलं तरच सुरू होतो, बरोबर?

उपाय एकच, ती खूण बंद करा. कंपनीगणिक तिचा पत्ता वेगळा असतो, म्हणून सेटिंगच्या शोधपट्टीत `screenshot` टाका, तीन बोटांचा पर्याय समोर येईल. सॅमसंग असेल तर तिथे तळहात आडवा फिरवून स्क्रीनशॉट घ्यायची खूण असते, `Palm swipe to capture`, तीही बंद करा, कारण हात स्क्रीनच्या कडेवरून सरकला की तीही सुटू शकते. मग स्क्रीनशॉट पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र दाबून. खेळताना ही दोन एकदम चुकून दाबली जाणं कठीण.

गोंयकार_7
बरोब्बर, बोट उचलून टेकवावं लागतं. बंद केलं. देव बरें करूं. पण मग चालू खेळात फोटो घ्यायला हात सोडावा लागतो. आयफोनवाल्या मित्राचा फोन पाठीवर टकटक केल्यावर स्क्रीनशॉट घेतो, ते चांगलं ना?

आजीचा_कॅमेरा
पाठीवर टकटक आयफोनमध्ये `Settings > Accessibility > Touch > Back Tap` इथे आहे, आणि दोनदा व तीनदा अशा दोन वेगळ्या नेमणुका करता येतात. गेमसाठी तीनदावाली घ्या. दोनदावाली फोन टेबलावर ठेवतानासुद्धा लागू शकते, आणि खेळताना मागची बोटं फोनला सावरत असतात. पिक्सेलवर `Quick Tap` आहे, तिथे जोरात टकटक केली तरच मानायची असा एक खटका आहे, तो चालू ठेवावा. जाड कव्हर असेल तर मात्र आपली खरी टकटकसुद्धा पोचत नाही.

एक लक्षात घ्या, टकटक केल्याने फोन हलतो. फिरवून नेम धरायची सोय चालू असेल तर नेमही हलतो. चालू फायटमध्ये हे कामाचं नाही.

आता मूळ विषय. फोटो मोड उघडल्यावर काय करायचं ते कुणी सांगितलंच नाहीये.

डबल_जंप
तुम्ही सांगा, कॅमेऱ्याचं तुमचं काम.

आजीचा_कॅमेरा
सांगते. फोटो मोड उघडतो तेव्हा कॅमेरा खेळतानाच्याच जागी असतो, म्हणजे जिनच्या पाठीमागे. म्यान कमरेला डाव्या बाजूला. तेव्हा आधी कॅमेरा फिरवून त्याच्या डाव्या पुढच्या बाजूला आणा आणि कमरेच्या उंचीला उतरवा. डोळ्याच्या उंचीवरून घेतला तर मूठ आणि हात एकमेकांवर येतात, पातं दिसतच नाही.

मग फोकल लेंथ. ती मिलिमीटरमध्ये दाखवतात, खऱ्या लेन्ससारखी. बहुतेक जण ती आहे तशीच ठेवून कॅमेरा जवळ नेतात. त्याने जवळचा हात मोठा आणि चेहरा लहान दिसतो, मागचं झाड लांब पळाल्यासारखं वाटतं. उलट करा. कॅमेरा मागे न्या आणि फोकल लेंथ वाढवा, 85 च्या आसपास. मागची पिवळी झाडं जवळ ओढल्यासारखी येतात आणि फ्रेम भरते. गेममधल्या गोल्डन टेंपलच्या आजूबाजूचं रान या फोटोला फार चांगलं, तिथे मागे दुसरा रंगच नाही.

अडचण अशी की कॅमेरा जिनपासून एका मर्यादेपर्यंतच लांब जातो. फार मोठी फोकल लेंथ ठेवलीत तर पूर्ण माणूस मावत नाही. तुम्हाला कंबर ते चेहराच हवा असेल तर मर्यादा आड येणार नाही. पूर्ण उभा जिन हवा असेल तर थोडी तडजोड करावी लागेल.

मग फोकसचं अंतर. आपोआप येईल यावर विसंबू नका. पात्याच्या कडेवर नजर ठेवून अंतर हळूहळू सरकवा, जिथे म्यानाच्या तोंडाची किनार सर्वात कडक दिसते तिथे थांबा. मागचं धूसर करणं आधी पूर्ण वाढवा, फोकस लावा, मग धूसरपणा कमी करत या. पूर्ण वाढवलेला असताना फोकसची चूक लगेच दिसते. कमी असताना चुकलेलं कळत नाही, ते नंतर टीव्हीवर मोठं करून बघताना कळतं. आणि शेवटचा फोटो पूर्ण धूसर ठेवून घेऊ नका, केसांच्या आणि टोपाच्या कडांना कापून चिकटवल्यासारखी रेघ येते.

कातरवेळ
@आजीचा_कॅमेरा, हे वाचून लगेच करून पाहिलं. पण पानं! थांबवलेल्या चित्रात पानं उडतच राहतात, आणि दर वेळी एक पान बरोबर चेहऱ्यावर येतं.

आजीचा_कॅमेरा
ते आजूबाजूच्या हालचालीमुळे. `Animated Environment` नावाचा पर्याय आहे. चालू असेल तर जिन गोठलेला, पण गवत, पानं, कापड हलत राहतं. तो बंद केला की सगळंच थांबतं. माझी पद्धत: चालू ठेवून वाऱ्याची दिशा आणि वेग ठरवायचा, म्हणजे कापड हवं तसं फुलतं. पानं चेहऱ्यावरून सरली की बंद करायचं. मग कितीही वेळ घेऊन फोटो काढा.

उडती पानं वेगळ्या पर्यायातून वाढवता-घटवता येतात. सगळे जण ती भरभरून टाकतात. तुमच्या फोटोत नजर चार बोटं पात्यावर जायला हवी, तेव्हा अगदी थोडी ठेवा. आणि वारा पाठीकडून पुढे वाहू द्यायचा नाही, नाहीतर कापड उडून नेमकं म्यानावर येतं.

जिनचे भाव बदलायचा पर्यायही आहे. मुखवटा घातला असेल तर त्याचा उपयोग नाही, डोळेच दिसतात.

तिसरं_बटण
मी पीसीवर खेळतो (मे 2024 ला आली ती). ड्युअलसेन्स केबलने जोडलाय, टचपॅडच्या खुणा चालतात. स्टीमचं एफ12 दाबतो तेव्हा लॅपटॉपवर कधी फोटो निघतो, कधी भलतंच काहीतरी चालू होतं. आणि निघालेला फोटो जेपीजी.

डबल_जंप
लॅपटॉपच्या वरच्या ओळीतल्या कळांना दोन कामं असतात. `Fn` कुलूप ज्या बाजूला असेल त्यावर ठरतं एफ12 गेमला एफ12 म्हणून पोचते की नाही. ते सुधारत बसण्यापेक्षा स्टीमच्या सेटिंगमध्ये `In Game` खाली स्क्रीनशॉटची कळच बदला, जी गेममध्ये वापरात नाही अशी कुठलीही. फक्त शिफ्ट असलेली जोडी नेमू नका. शिफ्ट पाचदा लागोपाठ दाबली की विंडोज स्टिकी कीजची खिडकी पुढे आणतं आणि गेम मागे जातो. त्याच पानावर फोटोची कॉम्प्रेस न केलेली प्रत वेगळी ठेवायचा पर्यायही आहे, तो चालू करा. फाइल बरीच मोठी होते, पण आकाशातले पट्टे जातात.

कातरवेळ
माझ्याकडे परत या 🙏 दोन गोष्टी अजून अडल्यात. क्रिएट दाबून धरल्यावर फोटो निघतो, पण गॅलरीत क्लिपाही येतातच. आणि काही फोटोंत उजवीकडे फोटो मोडचा मेनू छापला गेलाय.

डबल_जंप
मेनू आधी. पीएस5 स्क्रीनवर गेमने जे काढलंय ते सगळं टिपतो, त्यात गेमचा मेनूही आला. फोटो मोडच्या खालच्या पट्टीत मेनू लपवायचं बटण दाखवलेलं असतं. ते दाबा, स्क्रीन रिकामी झाली याची खात्री करा, मगच क्रिएट. हे विसरणं सगळ्यात स्वाभाविक आहे, कारण मेनूत शेवटचा खटका फिरवल्यावर लगेच हात क्रिएटकडे जातो.

क्लिपांचं मूळ इथे:

```
Settings > Captures and Broadcasts > Captures
  > Shortcuts for Create Button > Button Assignments
```

मुळात `Standard` असतं. त्यात एकदा दाबलं की क्रिएटचा मेनू, दाबून धरलं की फोटो, दोनदा दाबलं की मागच्या खेळाची क्लिप. फोटो निघाला की नाही अशी शंका येऊन आपण पुन्हा दाबतो, दोन्ही दाब जवळ पडतात आणि क्लिप सेव्ह होते. `Easy Screenshots` निवडा. मग एकदा दाबलं की थेट फोटो. पण तिथेही एकामागून एक पटापट दोन फोटो घ्यायला जाऊ नका, दोन दाबांत चांगला सेकंदभर जाऊ द्या. पीएस4 वाल्यांसाठीही हाच पर्याय शेअर बटणाच्या सेटिंगमध्ये आहे.

काही क्लिपा आणि फोटो तुम्ही काहीच न दाबता आलेले असतील. ते ट्रॉफीचे. ट्रॉफी मिळाली की यंत्र स्वतःहून टिपतं. त्याच `Captures and Broadcasts` खाली `Trophies` मध्ये दोन्ही बंद करता येतात.

आणि तिथेच `Screenshot Format` बघून घ्या. जेपीजी असेल तर पीएनजी करा. पिवळ्या झाडांच्या मागचं संध्याकाळचं आभाळ जेपीजीत पायऱ्यापायऱ्यांचं दिसतं.

वडापाव_मोड
एक सोपा उपाय कुणी का सांगत नाही? पीएस5 च्या सेटिंगमध्ये Accessibility खाली बटणांची अदलाबदल करता येते. टचपॅडच बंद करून टाका, वाजणार नाही बासरी.

डबल_जंप
अर्धं बरोबर. तिथे टचपॅडचं *बटण*, म्हणजे पॅड खटकन दाबल्यावर जे होतं, ते दुसरीकडे नेता येतं. बोट सरकवणं त्यात येत नाही, ते सरळ गेमकडे जातं. आणि गेलं नाही तर @कातरवेळ तलवार म्यान कशी करणार? उजवीकडे सरकवूनच ना.

वडापाव_मोड
हां, ते राहिलंच. बरं, मग एज कंट्रोलरच्या मागच्या बटणावर क्रिएट नेमता येतं का? अंगठा हलवायलाच नको.

तिसरं_बटण
मलाही हे जाणून घ्यायचंय. कुणाकडे आहे का एज?

कातरवेळ
बारा-पंधरा प्रयत्न झाले. डी-पॅड दाबायला कधी लवकर होतं, कधी उशीर. उशीर झाला की तलवार आत. मग पुन्हा शत्रू शोधायचे?

डबल_जंप
नाही. सरावासाठी लढाई लागत नाही. कुठेही उभं राहून उजवीकडे सरकवा, तलवार बाहेर येईल, परत सरकवा, आत जाईल. फक्त रक्त झटकण्याची हालचाल लढाईनंतरच. तुम्हाला पातं आत जातानाचा क्षण हवाय, तो दोन्हीत आहे. आधी नुसत्या म्यान करण्यावर हात बसवा.

लवकर दाबलं गेलं तर ते वाया जात नाही, उलट तेच बरं. फोटो मोड उघडला, पातं अजून एक वीत बाहेर आहे असं दिसलं, तर गोल बटणाने बाहेर पडा आणि लगेच पुन्हा उजवा बाण. खेळ तेवढ्यापुरता पुढे सरकतो आणि पुन्हा थांबतो. असं दोन-तीनदा करत क्षणापर्यंत चालत जाता येतं. डावा अंगठा बाणावरून उचलायचाच नाही. मात्र गोल एकदाच दाबा. दुसऱ्यांदा दाबलं तर तो दाब खेळात पोचतो, आणि खेळात गोल म्हणजे बगल देणं. जिन उडी मारून फ्रेमबाहेर.

उशीर झाला तर काहीच करता येत नाही. म्हणून जाणूनबुजून लवकर दाबायची सवय लावा.

आजीचा_कॅमेरा
त्यात भर. दर वेळी बाहेर पडलात की फोटो मोडमध्ये लावलेलं धरून बसू नका, आधी फक्त क्षण पकडा. कॅमेरा फिरवणं, फोकस, वारा हे सगळं पातं चार बोटांवर थांबल्यावर. आणि रक्त झटकतानाचा फोटो हवा असेल तर शत्रूंचे देह बाजूला पडलेत ते बघून उभं राहा. फोटो मोडमध्ये त्यांना उचलून ठेवता येत नाही. लढाई संपल्यावर दहा पावलं चालून मोकळ्या जागी या, पण तलवार आधीच म्यान करू नका.

गोंयकार_7
फोटो फोनवर कसा आणायचा? मी मित्राला व्हॉट्सॲपवर पाठवतो तो पार धुरकट होतो.

डबल_जंप
फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप दाबून लहान करतं. डॉक्युमेंट म्हणून जोडा, जशीच्या तशी फाइल जाते. पीएस5 वरून काढायला मीडिया गॅलरीत जाऊन यूएसबीवर कॉपी करा. प्लेस्टेशन ॲपमधून आपोआप चढवायचीही सोय आहे, पण तिथे ते 14 दिवसच राहतात, तेवढ्यात उतरवून घ्या.

तिसरं_बटण
एचडीआर चालू असताना काढलेले माझे फोटो दुसऱ्या स्क्रीनवर फिके दिसतात. इतरांना?

आजीचा_कॅमेरा
टीव्हीवर एचडीआरची चमक बघून आपण एक्सपोजर ठरवतो, साध्या स्क्रीनवर ती चमक नसते. मी एक्सपोजर किंचित कमी-जास्त करून दोन-तीन फोटो घेते आणि फोनवर बघून ठरवते. हे काही पक्कं उत्तर नाही.

वडापाव_मोड
मी तर एचडीआर बंदच ठेवतो. फोटो छान येतात. टीव्हीवर खेळ मात्र मग बेचव दिसतो, हे मान्य.

कातरवेळ
आला! म्यानाच्या तोंडाशी चार नव्हे, तीन बोटं पातं, कापड डावीकडे फुललेलं, एक पान खांद्याजवळ. मेनू नाही, वारा नाही, बासरी नाही.

फक्त मागच्या झाडीतून माझा घोडा मान काढून बघतोय. मी त्याला बोलावलंच नव्हतं.

डबल_जंप
बोलावलंत. डी-पॅडचा डावा बाण म्हणजे घोड्याला शीळ. अंगठा टेकवून ठेवताना डावीकडे कललाय कधीतरी. अंगठ्याचं टोक बाणाच्या बाहेरच्या कडेवर ठेवा, मधल्या खळग्यात नको.

कातरवेळ
घोडा राहू दे. छान दिसतोय.